सात जानेवारीचा नाताळ: सर्बियन मैत्रिणीला शुभेच्छा कशा द्यायच्या आणि उत्तर आलं तर काय म्हणायचं

सर्बियन मित्राला २५ डिसेंबरला ‘मेरी ख्रिसमस’ पाठवलं तर तो आभार मानेल, पण त्याच्या घरी त्या दिवशी सण नसतो. उलट चर्चचे नियम पाळणारं घर असेल, तर नाताळाआधीचा चाळीस दिवसांचा उपवास तेव्हा चालू असतो. मांस, अंडी, दूध, लोणी सगळं वर्ज्य. हा उपवास २८ नोव्हेंबरला सुरू होतो आणि ६ जानेवारीला संपतो. नाताळ ७ जानेवारीला. त्या दिवशी एकमेकांना भेटल्यावर ठरलेले शब्द बोलायचे असतात आणि त्यांना ठरलेलंच उत्तर द्यायचं असतं. ते शब्द कोणते, कधी आणि कोणाला पाठवायचे, आणि समोरून तेच शब्द आधी आले तर काय करायचं, ते इथे पाहू.

तारीख आधी पक्की करा

सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या लेखी नाताळ २५ डिसेंबरलाच आहे, फक्त त्यांचं पंचांग ज्युलियन आहे. ज्युलियन पद्धतीत दर चौथं वर्ष न चुकता लीप धरतात. ग्रेगोरियन पद्धतीत १७००, १८०० आणि १९०० ही वर्षं लीप धरलेली नाहीत. अशा फरकांमुळे दोन कॅलेंडरांत आज तेरा दिवसांचं अंतर पडलं आहे, आणि ज्युलियन २५ डिसेंबर आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ७ जानेवारीला येतो. सरकारी कामकाजासाठी तिथे १९१९ मध्ये ग्रेगोरियन कॅलेंडर आलं, चर्चने मात्र जुनं सोडलं नाही. २१०० साली हे अंतर आणखी एका दिवसाने वाढेल, पण तोवर ७ जानेवारी ही तारीख पक्की आहे. सर्बियात त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते.

सगळे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ७ जानेवारीलाच नाताळ करतात, हा समज मात्र चुकीचा आहे. ग्रीस, रुमानिया आणि बल्गेरिया इथल्या चर्चनी स्थिर तारखांच्या सणांसाठी सुधारित कॅलेंडर घेतलं आहे, त्यामुळे त्यांचा नाताळ २५ डिसेंबरलाच असतो. हे सुधारित कॅलेंडर मांडणारा शास्त्रज्ञ मिलुतिन मिलांकोविच स्वतः सर्बियन होता, आणि तरीही सर्बियन चर्चने ते स्वीकारलं नाही. तेव्हा ऑफिसात एक सर्बियन आणि एक रुमानियन सहकारी असेल, तर दोघांना एकाच दिवशी एकच संदेश पाठवू नका.

दुसरी खातरजमा माणसाची. सर्बियाचा प्रत्येक नागरिक ऑर्थोडॉक्स नसतो. उत्तरेला वोय्वोदिनात हंगेरियन वंशाचे बरेच लोक कॅथलिक आहेत, त्यांचा नाताळ डिसेंबरात होतो. नैऋत्येला नोवी पाझारच्या भागात मोठी मुस्लिम वस्ती आहे. काही घरांत आई कॅथलिक आणि वडील ऑर्थोडॉक्स असतात, तिथे दोन्ही नाताळ होतात. शंका असेल तर डिसेंबरातच सहज विचारा, ‘तुमच्याकडे नाताळ कधी असतो?’ या प्रश्नाचं तिथे कोणालाच वावडं नाही. त्यांना तो शाळेपासून ऐकायची सवय असते.

ठरलेले शब्द

मुख्य देवाणघेवाण दोन ओळींची आहे. पहिली ओळ अभिवादनाची, दुसरी उत्तराची. सिरिलिक लिपीत ती अशी:

```
Христос се роди!
Ваистину се роди!
```

आणि लॅटिन लिपीत अशी:

```
Hristos se rodi!
Vaistinu se rodi!
```

उच्चार ‘ह्रिस्तोस से रोदी’ आणि ‘वाइस्तिनु से रोदी’. ‘ख्रिस्त जन्मला’, आणि त्यावर ‘खरोखर जन्मला’, एवढाच अर्थ. सुरुवातीचा ‘ह्र’ आपल्या ‘ह्रास’मधल्यासारखा, फक्त थोडा घशातून येणारा. ‘ख्रिस्तोस’ म्हणू नका, ‘क्रिस्तोस’ तर नकोच. ‘द’ दातांवरचा आहे, आपल्या ‘दार’मधला, त्यामुळे मराठी माणसाला हे शब्द इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा सोपे जातात.

हे वाक्य त्या दिवसांत ‘नमस्कार’ऐवजी वापरतात. फोन उचलला की हेच, दारात पाऊल टाकलं की हेच. ‘सलाम आलेकुम’ला ‘वालेकुम सलाम’ हेच उत्तर येतं, तशी ही जोडी आहे. पहिल्या वाक्याला तेच वाक्य परत म्हणायचं नसतं, आणि नुसतं ‘थँक यू, सेम टू यू’ म्हटलं तर समोरच्याचे शब्द अर्धेच राहतात. समोरून ‘ह्रिस्तोस से रोदी’ आलं की पहिलं उत्तर ‘वाइस्तिनु से रोदी’. मग आभार, मग बाकीच्या गप्पा.

जुन्या वळणाच्या घरांत याआधी आणखी दोन शब्द जोडतात:

```
Мир Божји, Христос се роди!
```

‘मिर बोझयी’ म्हणजे ‘देवाची शांती’. हे म्हणत गालांचे मुके घेऊन नाताळच्या सकाळी घरचे एकमेकांना भेटतात, मागचे रुसवेफुगवे त्या वेळी मिटवायचे असतात. याचंही उत्तर ‘वाइस्तिनु से रोदी’ हेच. संदेशात तुम्ही स्वतःहून हे वापरायची गरज नाही, पण मैत्रिणीच्या आजीकडून आलं तर गोंधळायला नको, म्हणून माहीत असावं.

साधा, धर्माचा भार नसलेला पर्याय म्हणजे ‘स्रेचान बोझिच’, अर्थात नाताळच्या शुभेच्छा:

```
Срећан Божић!
Srećan Božić!
```

इथला ‘च’ आपल्या ‘चिमणी’मधला, ‘चमचा’मधला नव्हे. ‘झ’साठी ‘श’ म्हणा आणि त्यात घशाचा आवाज मिसळा, जीभ टाळूला चिकटवू नका.

या दोन्हींपैकी काय निवडायचं, यावर माझं मत असं आहे. मैत्रीण चर्चला जाणारी असेल, उपवास करत असेल, किंवा तिने मागच्या वर्षी स्वतः तुम्हाला ‘ह्रिस्तोस से रोदी’ पाठवलं असेल, तर तेच पाठवा. परधर्मीय मित्राने आपल्या सणाचे शब्द नीट शिकून म्हटले, याचा तिथे आनंदच होतो. पण ते वाक्य श्रद्धेचं विधान आहे, नुसती सदिच्छा नाही. ते तोंडी घेणं तुम्हाला जड जात असेल, किंवा मित्र देवधर्म न मानणारा असेल, तर ‘स्रेचान बोझिच’ पूर्ण आणि सन्मानाचं आहे, त्यात काही उणं राहत नाही. श्रद्धा नसली तरी बहुतेक सर्बियन घरांत हा सण होतोच, त्यामुळे शुभेच्छा अस्थानी होत नाहीत.

शब्द शोधताना होणाऱ्या चुका

इंटरनेटवर घाईत शोधलं की तीन चुकीच्या गोष्टी हमखास हाती लागतात. पहिली, ‘ह्रिस्तोस वोस्क्रेसे’ किंवा ‘ह्रिस्तोस वास्क्रसे’. हे ईस्टरचं अभिवादन आहे, ‘ख्रिस्त उठला’. ओळखायची खूण सोपी आहे: नाताळच्या वाक्याचा शेवट `роди` असा होतो. `воскресе` किंवा `васкрсе` दिसलं की थांबा.

दुसरी, `Sretan Božić`. हे क्रोएशियात चालतं. सर्बियातल्या माणसाला ते कळतं, पण शेजारच्या देशाचं म्हणून लगेच लक्षातही येतं. सर्बियात `Srećan` लिहितात. तिसरी, रशियन शुभेच्छा. दोन्हीकडे सिरिलिक असली तरी भाषा वेगळ्या आहेत, आणि रशियन कार्ड सर्बियन माणसाला पाठवणं म्हणजे त्याची ओळखच चुकवणं.

कीबोर्डचाही यात हात असतो. फोनवर रशियन कीबोर्ड लावून ‘Христос се роди’ टाइप होतं, कारण त्यातली सगळी अक्षरं रशियनमध्ये आहेत. पण ‘Срећан Божић’ लिहायला गेलात की `ћ` सापडत नाही, आणि घाईत त्याच्या जागी `ч` पडतो. सेटिंगमध्ये जाऊन सर्बियन सिरिलिक कीबोर्ड वेगळा जोडा, किंवा वरच्या ओळी जशाच्या तशा उचला. सर्बियात दोन्ही लिप्या रोजच्या वापरात आहेत, त्यामुळे लॅटिनमध्ये लिहिलं तर कमीपणा नाही. चॅटवर ते स्वतःही खुणा गाळून `Srecan Bozic` लिहितात. तरी या एका वाक्यासाठी सिरिलिक वापरा असं मी सांगेन. चर्चच्या भिंतीवर आणि कार्डांवर ते त्याच रूपात दिसतं.

कधी पाठवायचं

६ जानेवारीला ‘बाद्न्यी दान’ असतो, नाताळची पूर्वसंध्या. सकाळी ओकची कोवळी फांदी किंवा लहान झाड आणतात, त्याला ‘बाद्न्याक’ म्हणतात. संध्याकाळी घरच्या चुलीत किंवा चर्चच्या अंगणात तो पेटवतात. बेलग्रेडमध्ये संत सावाच्या मंदिरासमोर यासाठी मोठी गर्दी जमते. घरात जमिनीवर गवत पसरतात, मुलं पिल्लांसारखी ‘पियू पियू’ करत त्यात अक्रोड आणि गोड खाऊ शोधतात. जेवण उपवासाचं: मासे, भाजलेली बीन्स, सुकी फळं, मध. या संध्याकाळी ‘ह्रिस्तोस से रोदी’ पाठवू नका, अजून जन्म व्हायचा आहे. काही पाठवायचंच असेल तर हे:

```
Срећно Бадње вече!
```

‘स्रेच्नो बाद्न्ये वेचे’. ‘वेचे’ म्हणजे संध्याकाळ, तो नपुंसकलिंगी शब्द आहे, म्हणून विशेषण ‘स्रेचान’चं ‘स्रेच्नो’ झालं. लिंगानुसार विशेषण बदलणं आपल्याला मुळातच सवयीचं आहे.

मुख्य संदेश ७ तारखेचा. इथे वेळेचा हिशोब करा. हिवाळ्यात भारत सर्बियाच्या साडेचार तास पुढे असतो. तुम्ही पुण्यात सकाळी सात वाजता पाठवलंत, तर तिथे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. तेव्हा काही जण मध्यरात्रीच्या प्रार्थनेहून नुकतेच परतून झोपलेले असतात. सकाळी लवकर घरात दुसरी गडबड असते. ‘पोलोझायनिक’ यायचा असतो, म्हणजे नाताळचा पहिला पाहुणा. तो दारात ‘ह्रिस्तोस से रोदी’ म्हणतो, घरचे उत्तर देतात, मग तो चुलीतला जळता बाद्न्याक काठीने ठोकतो आणि उडणाऱ्या ठिणग्यांकडे पाहत म्हणतो की जितक्या ठिणग्या तितकं आरोग्य, तितकी गुरंढोरं, तितका पैसा आणि सुख या घरात येवो. फ्लॅटमध्ये चूल नसते, तिथे बाजारातून आणलेल्या ओकच्या डहाळ्यांवर भागवतात, पण पाहुणा आणि ते शब्द राहतात. दुपारी मोठं जेवण असतं, भाजलेलं डुक्कर आणि ‘चेस्नित्सा’ नावाची भाकर, जिच्यात एक नाणं लपवलेलं असतं. म्हणून संदेशाला चांगली वेळ म्हणजे भारतातली दुपारी दोन-अडीच, तिथले सकाळचे साडेनऊ-दहा. फोन करायचा तर आपल्याकडे रात्री साडेनऊनंतर, तिथे जेवण उरकून पाच वाजलेले असतात.

७ ला जमलं नाही तर हरकत नाही. नाताळ तीन दिवसांचा असतो, ९ जानेवारीपर्यंत, आणि हे अभिवादन त्यानंतरही काही दिवस ऐकू येतं. दहा तारखेला भेट झाली तरी याच शब्दांनी सुरुवात करता येते.

एक संदेश पूर्ण लिहून पाहू

समजा, मैत्रीण नोवी सादची, नाव मिलित्सा, लिहायला Milica. हाक मारताना नाव बदलतं, मिलित्साचं ‘मिलित्से’ होतं. पुरुषांमध्ये ‘इवान’चं ‘इवाने’ होतं, ‘मार्को’ मात्र तसाच राहतो. एवढं एक अक्षर बरोबर आलं की संदेश कुठून तरी उचलून पाठवलेला वाटत नाही.

```
Драга Милице, Христос се роди!
Желим теби и твојој породици
здравље, мир и радост.
```

‘प्रिय मिलित्से, ख्रिस्त जन्मला! तुला आणि तुझ्या घरच्यांना आरोग्य, शांती आणि आनंद लाभो.’ मित्र पुरुष असेल तर ‘Драга’चं ‘Драги’ करा. मिलित्साच्या आईला वेगळं लिहायचं असेल तर ‘तू’ चालणार नाही, तिथेही ‘तुम्ही’ आहे. मग दुसरी ओळ `Желим Вама и Вашој породици` अशी, आणि एका व्यक्तीला आदराने लिहिताना ते ‘V’चं अक्षर मोठं काढतात. आईवडील दोघांना मिळून लिहिलं तर ते लहान राहतं. वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना हा फरक पाळला की त्यांच्या लक्षात येतो.

तिचं उत्तर साधारण असं येईल:

```
Ваистину се роди! Хвала ти пуно!
```

‘हवाला’ नव्हे, ‘ह्वाला’, म्हणजे ‘आभार’. शब्दांची देवाणघेवाण इथे पूर्ण झाली. आता तुम्ही परत ‘वाइस्तिनु’ म्हणायचं नाही. संभाषण पुढे न्यायचं असेल तर एक प्रश्न विचारा:

```
Ко је нашао новчић у чесници?
```

‘चेस्नित्सातलं नाणं कोणाला मिळालं?’ भाकर सगळे मिळून हाताने तोडतात, आणि ज्याच्या तुकड्यात नाणं निघतं त्याचं वर्ष चांगलं जातं असं मानतात. या प्रश्नाला प्रत्येक घरात उत्तर असतं, आणि बहुतेक वेळा सोबत फोटोही येतो.

तिने तुमच्या आधी पाठवलं तर क्रम उलटा होतो. तुमची पहिली ओळ ‘Ваистину се роди!’ आणि त्याखाली शुभेच्छांचं वाक्य. ‘Христос се роди’ पुन्हा लिहू नका.

चित्र जोडायचं असेल तर

सांताक्लॉज आणि सजवलेलं झाड टाळा. तिथे झाड, भेटवस्तू आणि ‘देदा म्राझ’ हा दाढीवाला आजोबा १ जानेवारीच्या नववर्षाशी जोडलेले आहेत. युगोस्लाव्हियाच्या समाजवादी काळात सरकारी सण म्हणून नववर्षच उरलं होतं, ती सवय पक्की झाली. नाताळसाठी वाळल्या पानांची ओकची फांदी, गवत, मेणबत्ती किंवा येशूजन्माचं ऑर्थोडॉक्स शैलीतलं चित्र निवडा. डिसेंबरात कौटुंबिक ग्रुपवर आलेलं ‘मेरी ख्रिसमस’चं चित्र जानेवारीत पुढे ढकललं, तर ते शिळं आहे हे पाहताक्षणी कळतं. आणि ६ तारखेला मटणाच्या ताटाचा फोटो पाठवू नका, त्या दिवशी अजून उपवास असतो.

प्रत्यक्ष भेटीत

व्हिएन्नात सर्बियन लोकांची मोठी वस्ती आहे, आणि तिथे किंवा शिकागोत राहणाऱ्या मराठी वाचकांना ७ जानेवारीला घरी बोलावणं येऊ शकतं. दारात आधी ‘ह्रिस्तोस से रोदी’, मग हस्तांदोलन. सर्बियन पद्धतीत गालांचे मुके तीन असतात, दोनवर थांबलात तर तिसऱ्यासाठी पुढे झुकलेला यजमान अडकतो. तुम्ही त्या सकाळचे पहिले पाहुणे असाल तर आधी विचारा, कारण पोलोझायनिक बहुतेक घरांत ठरलेला असतो, कधी शेजारचा लहान मुलगा, कधी घरचाच माणूस. त्याच्या आधी तुम्ही आत शिरू नये. शाकाहारी असाल तर दोन दिवस आधी कळवा. नाताळचं जेवण मांसाचंच असतं आणि ऐन वेळी नाही म्हटलं तर यजमानीण हळहळते.

वसई किंवा गोव्याचे ख्रिस्ती वाचक असतील, तर त्यांना सर्बियन मित्राकडून २५ डिसेंबरला ‘स्रेचान बोझिच’ येण्याची शक्यता आहे. तो तुमचा नाताळ म्हणून पाठवतो आहे. त्या दिवशी ‘ह्वाला’ म्हणा, आणि त्याच्या शुभेच्छा ७ जानेवारीला परत करा.

नाताळनंतर लगेच आणखी दोन प्रसंग येतात. ९ जानेवारीला संत स्तेफानचा दिवस असतो आणि अनेक कुटुंबांची ‘स्लावा’, म्हणजे कुलसंताचा सण, त्याच दिवशी येतो. मैत्रिणीच्या घरी ती असेल तर त्या दिवशी `Срећна слава!` पाठवा, ‘स्रेच्ना स्लावा’. १३ जानेवारीच्या रात्री जुन्या कॅलेंडरप्रमाणे ‘सर्बियन नवं वर्ष’ सुरू होतं. १ जानेवारीला नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या असतील तरी या रात्रीसाठी वेगळ्या देता येतात:

```
Срећна Српска Нова година!
```